पहिली मॅच आणि चौथी मॅच: परभणीच्या एका असॉल्टरचे प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचे आहे. बीजीएमआय या मोबाइल गेमच्या स्पर्धेसाठी खेळणाऱ्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका खेळाडूवर बसवून मांडल्या आहेत. आकडे त्याच्यापुरते धरावेत, पद्धत मात्र कुणालाही वापरता येईल.

खेळाडू वीस वर्षांचा, परभणीत कॉलेजला. चौघांच्या स्क्वाडमध्ये तो असॉल्टर, म्हणजे भिडायला पहिला जाणारा. रात्री नऊला स्क्रिम, म्हणजे इतर स्क्वाडशी सरावाच्या मॅच, सुरू होतात. चार मॅच, प्रत्येकी साधारण अर्धा तास, मधे पाच-दहा मिनिटे. खोली वरच्या मजल्यावर, छत पत्र्याचे, महिना मे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री नऊलाही खोलीत उष्णता सोडत असतो. जेवण साडेआठला, त्यासोबत एक ग्लास पाणी, पावणेनऊला चहा, सव्वादहाला एनर्जी ड्रिंक. याशिवाय काही नाही, कारण मॅचच्या मधे उठायला लागू नये म्हणून पाणी मुद्दाम टाळलेले.

तक्रार अशी होती: "नेट खराब आहे, त्यामुळं मरायलोय."

स्क्वाडच्या लीडरने दहा रात्री एका वहीत फक्त एकच गोष्ट लिहिली. कोणत्या मॅचमध्ये हा मुलगा स्क्वाडमधून सगळ्यात आधी पडला? पहिल्या मॅचमध्ये तो दहापैकी सात रात्री आधी पडला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मॅचमध्ये तीन-तीन रात्री, आणि चौथ्या मॅचमध्ये आठ. पिंग, म्हणजे नेटचा उशीर, चारही मॅचमध्ये ४० ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास होता. नेट खराब असते तर दुसरी आणि तिसरी मॅच अशी नीट गेली नसती.

वही नीट पाहिली की पहिली आणि चौथी मॅच हरण्याची तऱ्हाही वेगळी दिसते. पहिल्या मॅचमध्ये तो योग्य जागी होता, शत्रू दिसला होता, पण स्प्रेच्या, म्हणजे सलग झाडण्याच्या, पहिल्या पाच-सात गोळ्या बाजूला गेल्या. चौथ्या मॅचमध्ये नेम ठीक होता, पण तो स्क्वाडला न सांगता एकटाच घरात घुसला होता. पहिल्याचे औषध वॉर्मअप. चौथ्याचे काय, हे ठरवायला जरा खोदावे लागले, कारण तिथे तीन कारणे एकावर एक बसली होती: फोन, पाणी आणि चीड. ती वेगळी करणे हेच या प्रकरणातले मुख्य काम.

पहिल्यांदा फोन, कारण तो तपासायला सगळ्यात सोपा. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि बहुतेकदा स्क्रीनचा उजेडही उतरवतो. सेकंदाला ९० फ्रेमवर दर ११ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, ते ४० वर घसरले की दर २५ मिलिसेकंदांनी. त्यातही घसरण एकसारखी नसते, धुमश्चक्रीत नेमकी जास्त होते. खेळाडूला हे "हात जड झाला" असे जाणवते. इथे फोन जाड कव्हरमध्ये होता आणि तिसऱ्या मॅचपासून चार्जिंगला लावलेला असे. कव्हर काढले, चार्जिंग साडेआठच्या आत पूर्ण करून केबल काढली, दोन मॅचच्या मधे फोन पालथा घालून पंख्याच्या वाऱ्यात ठेवला. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह उन्हाळ्यात सगळ्यांनाच होतो, पण थंड फोन बाहेरच्या हवेत आला की आत-बाहेर दव धरते. तेवढे टाळावे.

चार रात्री फक्त हाच बदल केला. चौथी मॅच थोडी सुधारली, पण पुरती नाही. म्हणून पुढे पाणी.

मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत घाम आला हे कळतच नाही. अंग भिजण्याआधीच तो उडून जातो. मुंबईतला मुलगा टी-शर्ट पिळतो, परभणीतला म्हणतो "मला घामच येत नाही." म्हणून अंदाजाऐवजी वजनकाटा घेतला. रात्री पावणेनऊला ५८.० किलो, साडेअकराला, मधे काही न खाता-पिता, ५७.४ किलो. ६०० ग्रॅम म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, वजनाच्या एक टक्का. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास घटले की लक्ष आणि कामातली अचूकता खालावते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एक टक्क्यावर फार बिघडत नाही, असे वाटेल. पण हा मुलगा संध्याकाळी उन्हातून गाडीवर आलेला असे, म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच तो तुटीत होता. ते लघवीच्या रंगावरून कळले. फिकट पिवळी असायला हवी ती गडद होती.

उपाय साधा, पण वेळेचा आहे. पाणी एकदम ढोसले तर पोट डचमळते आणि दुसऱ्या मॅचमध्ये उठावे लागते, आणि त्याच भीतीने तर तो पाणी पीत नव्हता. म्हणून साडेसातला ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन ग्लास, सावकाश. नऊपर्यंत त्यातले जादाचे बाहेर पडून जाते. साडेआठला जेवणासोबत एक वाटी ताक, चिमूटभर मिठाचे. त्यानंतर प्रत्येक मॅच संपली की १५० मिलिलिटर, घोट-घोट. तीन मॅचच्या मधले मिळून साधारण ४५० मिलिलिटर होते, म्हणजे जाणाऱ्या ६०० पैकी बरेचसे भरून निघते. उरलेले झोपण्याआधी. तासाला लिटरपेक्षा जास्त पाणी पिण्याची गरज बसून खेळणाऱ्याला कधीच नसते, आणि तसे पिणे चांगलेही नाही.

लिंबूपाणी चालेल का, असे बहुतेक जण विचारतात. चालेल, पण ते सरबतवाल्यासारखे गोड नको. दुपारी जास्तच ऊन लागले असेल, डोके दुखत असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हेच घरगुती प्रमाण. मीठ वाढवून फायदा नाही, उलट तहान वाढते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने मीठ घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

सव्वादहाच्या एनर्जी ड्रिंकबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. त्याचा जोर अर्ध्या ते एका तासात चढतो, म्हणजे नेमका चौथ्या मॅचला, आणि निम्मे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. त्या मुलाला रात्री दीडपर्यंत झोप नसे. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. शिवाय आधीच चिडलेल्या माणसाला कॅफीन शांत करत नाही, फक्त त्याची धडधड वाढवते. डबा बंद केला, पावणेनऊचा चहा ठेवला. सगळे एकदम काढून घेतले तर कुणीच ऐकत नाही, आणि एक कप चहाने इथे काही बिघडत नव्हते.

आता पहिली मॅच. इथे वॉर्मअप अजिबात नव्हता असे नाही. तो पाऊण तास एकामागून एक टीडीएम, म्हणजे दोन संघांच्या झटपट लढती, खेळून येत असे. पण तेही चुकीचेच होते. पाऊण तासात फोन तापतो, अंगठे थकतात, आणि दोन टीडीएम हरला की तो स्क्रिमला बसायच्या आधीच धुसफुसत असे. नवा क्रम पंचवीस मिनिटांचा ठरला आणि साडेआठचे जेवण सव्वाआठवर ओढले.

आठ पस्तीसला हात. बोटे पूर्ण पसरून मूठ वळायची, दहा वेळा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत जायचा आणि परतायचे, दोन्ही हात, पाच फेऱ्या. मनगट दोन्ही दिशांना. दोन मिनिटांत होते. मे महिन्यात एवढे पुरे. डिसेंबर-जानेवारीत मात्र परभणीचा पारा एक आकडी होतो, बोटे आखडतात आणि गार कोरड्या अंगठ्याचा स्पर्श स्क्रीन कधी कधी घेतच नाही. तेव्हा आधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे हात बुडवून कोरडे करावेत.

मग प्रतिक्रियेची चाचणी. लाल स्क्रीन हिरवी झाली की टॅप करायचे, असल्या साध्या चाचण्या फुकट मिळतात. दहा टॅप. पहिले दोन सोडून द्यायचे, उरलेले आठ चढत्या क्रमाने लावून मधल्या दोनांची सरासरी, म्हणजे मधला आकडा, वहीत लिहायचा. तरुण माणसाला नुसत्या डोळ्याने पाहून बोट हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. फोनवर स्क्रीन आणि टचचा उशीर त्यात मिसळतो, म्हणून आकडा त्याहून मोठा येतो. या मुलाचा चांगल्या दिवशी २८५ च्या आसपास असे. दुसऱ्याच्या फोनवरच्या आकड्याशी तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. आपलाच फोन, तोच रिफ्रेश रेट, आपलाच कालचा आकडा, एवढीच तुलना खरी.

या चाचणीने प्रतिक्रिया वेगवान होते असे समजू नये. रोज केली तरी २८५ चे २०० होत नाहीत. तिचे काम तराजूचे आहे, आणि तो तराजू पुढे रात्री अकराला पुन्हा कामाला येणार आहे.

खरा वॉर्मअप ट्रेनिंग ग्राउंडमध्ये, आठ मिनिटे. पहिली दोन मिनिटे गोळी न झाडता, फक्त जायरोने, म्हणजे फोन हलवून, रेड डॉट हलत्या टार्गेटवर धरून ठेवायचा. बहुतेक मुले हा भाग गाळतात आणि इथेच फसतात. रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, असताना हात चुकतोय की नेम, हे कळत नाही. नुसता नेम आधी स्थिर झाला की पुढचे सोपे. मग तीन मिनिटे एम४१६ बंदुकीचा स्प्रे, २५ मीटरवर तीन मॅगझिन, मग ५० वर तीन. पहिल्या सात गोळ्या कुठे लागल्या तेवढेच पाहायचे, कारण वहीत पहिल्या मॅचचा दोष तिथेच होता. शेवटची तीन मिनिटे दोन टार्गेटमध्ये निवड करण्याची: शेजारी उभ्या मित्राने "डावा" किंवा "उजवा" म्हणायचे, मग वळून मारायचे. एकाच इशाऱ्याला प्रतिक्रिया देण्यापेक्षा दोनांतून निवडून प्रतिक्रिया द्यायला मेंदूला जास्त वेळ लागतो, आणि मॅचमध्ये नेहमी हेच दुसरे करावे लागते. मित्र नसेल तर दोन टार्गेट आलटून-पालटून, पण मग निवड उरत नाही आणि अर्धा फायदा जातो.

त्यानंतर एकच टीडीएम, चाळीस किल किंवा दहा मिनिटे, जे आधी होईल ते. जिंकलो की हरलो लिहायचे नाही. नऊला पाच मिनिटे बाकी असताना फोन खाली, डोळे मिटून किंवा खिडकीबाहेर लांब बघत. स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात. त्यात कूलरची हवा थेट तोंडावर असेल तर डोळे चुरचुरतात. कूलर आपल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, फक्त त्याचा झोत पाठीवर घ्यावा.

दहा दिवसांनी पहिल्या मॅचचे सात रात्रींवरून तीन झाले, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मॅचइतके. चौथ्या मॅचचे आठवरून चार. फोन आणि पाण्यामुळे निम्मे कमी झाले खरे, पण त्या चार रात्री उरल्याच. त्या चारही रात्री तो एकटा घुसला होता. इथे चीड.

त्यानंतरची एक रात्र तपशिलाने पाहू. दुसऱ्या मॅचमध्ये स्क्वाड शेवटच्या वर्तुळापर्यंत गेली आणि एका चुकीच्या ग्रेनेडने संपली. ग्रेनेड याच्याच हातचा. मधल्या वेळात याने १५० मिलिलिटर पाणी प्यायले, पण सेटिंग उघडून जायरोची सेन्सिटिव्हिटी वाढवली. तिसऱ्या मॅचला ठरलेल्या जागी उतरायचे सोडून "सरळ पोचिंकी जाऊ" म्हणाला, म्हणजे जिथे बरेच जण भिडायला उतरतात तिथे. लीडरने नाही म्हटले. मॅचमध्ये त्याच्या माइकवरचे बोलणे बदलले. एरवी तो "२४०, दोन जण, झाडामागे" असे बोलतो: दिशा, संख्या, जागा. त्या मॅचमध्ये "काय करायलास रे, कव्हर का देईनास?" सुरू झाले. दिशा नाही, संख्या नाही, नुसता दोष.

आमच्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे. चिडलेल्या माणसाला आपण चिडलो हे मान्य नसते, पण त्याच्या तोंडून माहिती येणे थांबले की ते तीन साथीदारांना ऐकू येते. सेन्सिटिव्हिटीला हात लावणे ही दुसरी खूण. महिनाभर अंगठ्यात बसलेले माप एका हरलेल्या मॅचवरून बदलणे म्हणजे हरण्याचे कारण बाहेर शोधणे, आणि त्यातून पुढच्या मॅचचा नेम हमखास बिघडतो. घट्ट धरलेला फोन, पटकन "स्टार्ट दाब" म्हणणे, हे सगळे असते, पण ते नुसत्या उत्साहातही असते.

तिसरी मॅच संपल्यावर लीडरने थांबवले नाही, तपासले. फोन पालथा. खोलीबाहेर गच्चीवर, दहा मिनिटे. तोंडावर पाणी, एक ग्लास प्यायला. नाडी १५ सेकंद मोजून चौपट: बाहेर पडताना ११२, दहा मिनिटांनी ९६. एरवी या वेळी त्याची ८० च्या आसपास असे. मग पुन्हा तेच दहा टॅप.

इथे तराजू कामाला येतो. थकवा किंवा पाण्याची तूट असेल तर टॅप संथ होतात, आणि मधेच एखादा ४०० च्या पुढे जातो, जणू क्षणभर डोळा लागला. मधला आकडा वाढतो. चीड असेल तर उलटे होते. आकडा तोच राहतो, कधी थोडा कमीही येतो, पण हिरवे होण्याआधीच बोट पडते. त्या रात्री मधला आकडा २७८ आला, म्हणजे चांगल्या दिवसापेक्षाही जरा बरा. मात्र दहापैकी चार टॅप लाल स्क्रीनवरच पडले होते. वॉर्मअपच्या वेळी असे टॅप कधी एकापेक्षा जास्त नव्हते. "बघ, मी फास्ट आहे की," असे तो म्हणाला. फास्ट होता, पण थांबायचा तेव्हा थांबत नव्हता. चौथ्या मॅचमध्ये एकट्याने घरात घुसणे हे याचेच मोठे रूप.

ही वाचणी पक्क्या निदानासारखी घेऊ नये. झोप कमी झालेल्या माणसात दोन्ही दोष एकत्र येतात, संथ टॅपही आणि घाईचेही. आदल्या रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप असेल तर टॅप मोजण्यात वेळ न घालवता ती रात्र सोडलेली बरी. आणि टॅप संथ असतील, घाईचे नसतील, तर थांबायची गरज नसते. पाणी, दहा मिनिटे गच्ची, पुन्हा दहा टॅप, आकडा जवळपास पूर्वीवर आला की खेळावे.

त्या रात्रीचा निर्णय मात्र आधीच कागदावर होता. स्क्वाडने महिन्याच्या सुरुवातीला तीन ओळी लिहून भिंतीला लावल्या होत्या. मॅचच्या मधे कुणी उठणार नाही, थांबणे फक्त दोन मॅचच्या मधे. माइकवर दोष सुरू झाला आणि ब्रेकनंतर घाईचे टॅप दोनपेक्षा जास्त आले, तर त्या खेळाडूचा दिवस संपला. हे सांगायचा हक्क लीडरला, आणि लीडरच चिडला असेल तर सपोर्टला, म्हणजे मागून साथ देणाऱ्या खेळाडूला. "एकच मॅच, पॉइंट भरून काढतो" हे वाक्य आले तर वाद घालायचा नाही, कारण हरलेले भरून काढण्यासाठी बसणे हाच तर आजार. नियम चिडल्यावर ठरवायला बसले तर जो जास्त मोठ्याने बोलतो त्याचा नियम होतो, म्हणून कागद आधी.

स्क्रिमची जागा सोडता येत नाही, आयोजकाला तीन खेळाडूंनी खेळलेले आवडत नाही, हा व्यवहारातला खरा अडसर. त्यासाठी पाचवा खेळाडू आधीपासून यादीत हवा आणि तो रात्री अकरापर्यंत जागा हवा. या स्क्वाडकडे गंगाखेडचा एक मुलगा होता. त्याला दहा पन्नासला फोन गेला. तो थंड हातांनी आला, वॉर्मअप नव्हता, आणि पहिल्या दोन मिनिटांत पडला. तरी स्क्वाड सातवी आली, कारण उरलेले तिघे एकत्र राहिले. राखीव खेळाडूनेही साडेदहाला आठ मिनिटांचे ट्रेनिंग ग्राउंड करून ठेवावे, हे यातून पुढे आले.

थांबणे म्हणजे काय, तेही नेमके हवे. "स्क्रिम सोडली, आता दोन टीडीएम" हे थांबणे नव्हे. त्या रात्री बीजीएमआय उघडायचे नाही, रिप्लेही नाही. रात्री रिप्ले पाहिला की चुका कमी दिसतात आणि दोषी जास्त दिसतात. रिप्ले दुसऱ्या दिवशी दुपारी, चौघांनी मिळून. ग्रेनेडचा प्रसंग तेव्हा पाहिला तर चूक फेकण्याची नव्हती. साथीदार पुढे सरकला हे सांगितलेच गेले नव्हते.

महिनाभरात असे थांबणे तीन-चार वेळा येते, त्यात काही गैर नाही. पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री थांबावे लागत असेल, घरच्यांशी खेळावरून रोज भांडण होत असेल, झोप-कॉलेज दोन्ही सुटत असेल, तर हा वॉर्मअपचा प्रश्न उरत नाही. तेव्हा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

दुसऱ्या दिवशी आठ पस्तीसला तो पुन्हा बसला तेव्हा एक काम राहिले होते. आदल्या रात्री वाढवलेली सेन्सिटिव्हिटी तशीच होती. जुन्या मापाचा स्क्रीनशॉट गॅलरीत होता म्हणून बरे, नाही तर आठ मिनिटे ट्रेनिंग ग्राउंडमध्ये नुसता अंगठा शोधण्यात गेली असती. माप जसेच्या तसे परत घातले, दहा टॅप केले. मधला आकडा २८८, घाईचा टॅप एकही नाही.